उभ्या जपानी छपाईतली आडवी रेघ

जपानी पुस्तिकेचा मजकूर आज बहुतेक वेळा आडवाच टाइप होतो. लेखक, अनुवादक, संपादक सगळे तो पडद्यावर डावीकडून उजवीकडे वाचतात. छापताना मात्र तोच मजकूर उभा राहतो. ओळ वरून खाली उतरते, पहिली ओळ पानाच्या उजव्या कडेला येते आणि पुस्तिका आपल्याला मागून वाटेल अशा बाजूने उघडते. अक्षरांना या वळणाचा काही त्रास होत नाही, कारण चौकोनी घरातलं जपानी अक्षर दोन्हीकडे सरळच उभं राहतं. त्रास होतो तो काही खुणांना. पुण्यात बसून अशा पुस्तिकांची प्रूफं वाचताना माझा सर्वांत जास्त वेळ एकाच खुणेपायी जातो: ー, म्हणजे दीर्घ स्वराची रेघ. जपानीत तिला चोओनपु म्हणतात.

देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ मात्रेतच सामावलेलं असतं, 'कि' आणि 'की' वेगळे दिसतात. जपानीत परक्या शब्दातला लांबलेला स्वर दाखवायला काताकाना या परक्या शब्दांसाठीच्या लिपीतल्या अक्षरापुढे ही रेघ ओढतात. कॉफीचा शब्द コーヒー असा लिहितात, म्हणजे चार घरांपैकी दोन घरांत रेघच. 'ओढणे' या अर्थाच्या 引 या अक्षराच्या उजव्या भागावरून ती आली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तो भाग म्हणजे उभा फराटा. रेघ जन्मली उभ्या लिखाणात आणि आडवी झाली ती नंतर, हे लक्षात ठेवलं की पुढचा सगळा गोंधळ उलगडतो.

1900 साली जपानच्या शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांसाठीच्या नियमांत ही रेघ चिनी मूळ असलेल्या शब्दांनाही लावली. तो प्रयोग 1908 मध्ये मागे घेतला गेला. परक्या शब्दांत मात्र ती टिकून राहिली, आणि 1991 च्या मंत्रिमंडळाच्या अधिसूचनेने त्या शब्दांतला दीर्घ स्वर मुख्यतः याच रेघेने दाखवायचं ठरलं.

खिळ्यांच्या काळात उभी रेघ आणि आडवी रेघ हे दोन वेगळे खिळे होते. आडवा खिळा नुसता फिरवून उभा करता येत नसे. मिंचो या छपाईच्या अक्षरवळणात या रेघेच्या सुरुवातीला कुंचला टेकल्यासारखा जाडसर ठसा असतो. आडवी रेघ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली तर तो ठसा उजवीकडे जातो, आणि उभ्या रेघेत तो डावीकडे हवा. म्हणून उभं रूप हे फिरवलेलं आणि शिवाय आरशातलं असतं. खिळे जुळवणारा योग्य घरातून योग्य खिळा उचलायचा. तपासणी त्याच्या बोटांतच होती.

1978 च्या जपानी संकेतमानकात (`JIS C 6226`) या रेघेला एकच संकेत मिळाला. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्येही तिचा क्रमांक एकच आहे, `U+30FC`. उभं रूप फॉन्टमध्ये दडलेलं असतं आणि ओळ उभी झाली की जुळणीचं सॉफ्टवेअर ते बदलून घालतं. कुठलं चिन्ह सरळ राहील, कुठलं फिरेल आणि कुठल्याला वेगळं रूप लागेल, याची यादी युनिकोडच्या `UAX #50` या परिशिष्टात आहे. सॉफ्टवेअर पाहतं ते मात्र फक्त क्रमांक. दिसायला तशीच पण दुसऱ्याच क्रमांकाची रेघ कुणी टाइप केली असेल, तर ते तिला त्या दुसऱ्या चिन्हाचे नियम लावतं.

अशा सारख्या दिसणाऱ्या खुणा बऱ्याच आहेत, पण सर्वांत फसवी आहे ती 'एक' या अंकाची कांजी, म्हणजे चिनी मूळ असलेलं अक्षर, 一. जुनं छापील पान स्कॅन करून मजकूर काढला की コーヒー चं コ一ヒ一 होतं. आडव्या ओळीत दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तरी पटकन फरक कळत नाही. पान उभं केलं की खरी रेघ उभी होते आणि 'एक' आडवाच राहतो. वाचकाला कॉफीच्या शब्दामध्ये दोनदा 'एक' आडवा पडलेला दिसतो. म्हणून मी उभं प्रूफ येण्याआधीच, आडव्या मजकुरात हा शोध चालवते:

```
[ァ-ヶ][一―—－]
```

काताकाना अक्षरापुढे 'एक' किंवा इतर कुठली रेघ आली आहे का, एवढंच तो पाहतो. सापडलेलं सगळं एका फटक्यात बदलायचा मोह मात्र टाळावा लागतो. एखाद्या स्थानिक संग्रहालयाच्या पुस्तिकेत カメラ一台 असे शब्द येऊ शकतात, म्हणजे 'एक कॅमेरा'. तिथे 'एक' अगदी बरोबर आहे. तो बदलला तर कॅमेऱ्याचा स्वर लांबतो आणि 'एक' नाहीसा होतो. पुढे 台 सारखं मोजणीचं अक्षर आहे का, हे प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनीच पाहावं लागतं.

विरामचिन्हांची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. 、 हा स्वल्पविराम आणि 。 हा पूर्णविराम आडव्या ओळीत घराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बसतात, उभ्या ओळीत वरच्या उजव्या. ती खाली डावीकडेच राहिली, तर फॉन्टचं उभं रूप लागू झालेलं नाही हे पान हातात घेताच कळतं. कागदपत्रांतून आलेला स्वल्पविराम जास्त चकवतो. 1952 च्या सरकारी लेखन-सूचनांनी आडव्या मजकुरासाठी ， हा स्वल्पविराम सांगितला होता, आणि 2022 मध्ये नव्या सूचना येईपर्यंत त्या कायम होत्या. त्यामुळे नगरपालिकेचा किंवा शाळेचा जुना मजकूर पुस्तिकेत घेताना प्रत्येक ， चा 、 करावा लागतो.

अंकांना रूपच नव्हे, लिहिण्याची पद्धतही बदलावी लागते. उभ्या ओळीत `25` तसंच ठेवलं तर ते आडवं लोळतं. दोन आकडी संख्या एकाच घरात शेजारी बसवण्याच्या युक्तीला ताते-चु-योको म्हणतात, 'उभ्यातलं आडवं'. तीन आकडे त्या घरात चेपून बारीक होतात आणि चार तर वाचताच येत नाहीत, म्हणून वर्ष बहुधा कांजीत लिहितात: 二〇二四年. इथलं शून्य `U+3007` आहे का, हे क्रमांकानेच तपासावं. अनेकदा तिथे यादीतलं गोल चिन्ह, `U+25CB`, बसलेलं असतं आणि उभ्या ओळीत ते शेजारच्या अंकांपेक्षा मोठं किंवा बारीक रेषेचं दिसतं. दशांशचिन्हाच्या जागी मधला ठिपका येतो, म्हणजे साडेतीन 三・五 असं लिहितात. वेळेतला विसर्गासारखा विराम तर काढूनच टाकतात आणि `10:30` चं 十時三十分 होतं.

हे सगळं सॉफ्टवेअरकडून एकदम बदलून घेता येतं, आणि तिथेच एक बारीक चूक शिरते. `2、3日` म्हणजे 'दोन-तीन दिवस'. त्याचं 二、三日 व्हायला हवं. रूपांतरात तो स्वल्पविराम गळला तर 二三日 उरतं. वर्षं आणि तारखा 二〇二四 या पद्धतीने छापलेल्या पुस्तिकेत वाचणारा ते 'तेवीस तारीख' असंच वाचेल.