समोच्चरेषा-वाचन (छायाचित्रातील स्थलनिर्देशक नकाशावरून)

समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली ठिकाणे जोडणाऱ्या नकाशावरील रेषेला समोच्च रेषा म्हणतात. उतार किती, दरी कोणती, सोंड कोणती, हे या रेषांच्या ठेवणीवरून ओळखणे म्हणजे समोच्चरेषा-वाचन. हे वाचन पूर्वी कागदी पत्रकावर, पट्टी आणि दोरा घेऊन होत असे. अलीकडे परीक्षेतला उतारा असो की गडावर जाण्यापूर्वी जमवलेला नकाशा, हाती बहुधा पत्रकाचे छायाचित्र असते. त्यात प्रमाण, रंग आणि दिशा या तिन्ही गोष्टी सरकलेल्या असू शकतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांबद्दल आहे. त्यांवर लगतच्या दोन रेषांमधील उंचीचा फरक, म्हणजे समोच्चांतर, सर्वसाधारणपणे २० मी. असते.

या रेषेचा उगम जमिनीवर नव्हे तर पाण्यात झाला, याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो श्रेय कोणाला द्यावे याचा. नेदर्लंड्समधील पीटर ब्राइन्स याने १५८४ मध्ये स्पार्ने नदीच्या नकाशावर सारख्या खोलीची रेषा काढली होती. पुढे क्रुकियस याने १७३० च्या सुमारास मर्वेडे नदीचा तळ अशा रेषांनी दाखवला, तर फ्रान्समध्ये ब्यूआश याने अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लिश खाडीच्या बाबतीत तेच केले. जमिनीच्या बाबतीत इंग्रजी लेखनात सहसा चार्ल्स हटनचे नाव घेतले जाते. स्कॉटलंडमधील शिहॅलियन डोंगरावर १७७४ मध्ये पृथ्वीची घनता काढण्यासाठी प्रयोग झाला, त्याची आकडेमोड हटनने केली आणि १७७८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. डोंगराचे आकारमान काढताना शेकडो सुटे उंची-आकडे हाताळणे जड गेल्यामुळे त्याने सारखे आकडे रेषेने जोडले. परंतु ही आकडेमोडीची सोय होती. भूरूप वाचकाला दिसावे म्हणून अशा रेषा काढाव्यात, ही सूचना फ्रान्समधील द्युकार्ला याने १७७१ मध्ये मांडली आणि १७८२ मध्ये ती छापली गेली. द्युपँ-त्रिएल याचा त्या धर्तीवरचा फ्रान्सचा नकाशा १७९१ चा आहे. नकाशावाचनाच्या दृष्टीने द्युकार्लाचे श्रेय अधिक सयुक्तिक वाटते. भारतात जुन्या पत्रकांवर डोंगर बारीक उतार-रेघोट्यांनी दाखवीत. समोच्च रेषांची रंगीत पत्रके विसाव्या शतकाच्या आरंभीची.

पाण्यातला हा उगम वाचनाला आजही उपयोगी पडतो, कारण प्रत्येक समोच्च रेषा हा एक काल्पनिक किनारा असतो. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला की त्याचे पाणी दोन्ही बाजूंच्या घळींमध्ये बोटांसारखे आत शिरते आणि मधल्या सोंडा पाण्यात पुढे आलेल्या दिसतात. जलाशयाचा हा काठ म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष उमटलेली समोच्च रेषाच. पाण्याचे बोट घळीत शिरताना त्याचे टोक चढाच्या बाजूला असते, म्हणून दरीत समोच्च रेषेचे टोक चढाकडे वळते. सोंड उताराच्या दिशेने पुढे येते, म्हणून सोंडेवर रेषेचा फुगवटा कमी उंचीकडे असतो. ‘टोक वर ते दरी, टोक खाली ते सोंड’ हा नियम विद्यार्थी पाठ करतात आणि तरीही चुकतात. कारण ‘वर’ म्हणजे कागदाची वरची बाजू असे धरले जाते. येथे वर म्हणजे अधिक उंचीकडे, आणि ती बाजू कागदाच्या तळाशीही असू शकते. छायाचित्र आडवे किंवा उलटे असेल तर हा घोटाळा हमखास होतो.

म्हणून आकार पाहण्याआधी चढाची बाजू ठरवावी लागते. दोन रेषांवरचे आकडे दिसत असतील तर प्रश्न उरत नाही. कापलेल्या छायाचित्रात अनेकदा एकच आकडा येतो, किंवा एकही येत नाही. अशा वेळी ओढा शोधावा. समोच्च रेषा ओढा ओलांडताना टोक उगमाकडे करते, तेव्हा ओढ्यावरच्या टोकांची दिशा हीच चढाची दिशा. दोन ओढे एकत्र येतात तिथे पुढचा एकच प्रवाह ज्या बाजूला जातो तो उतार. ही दुसरी खूण पहिलीशी जुळली तर उत्तर पक्के समजावे. मात्र भारतीय पत्रकांवर पावसाळ्यानंतर आटणारे ओढे काळ्या रेषेने दाखवतात. निळा रंग पाण्यासाठी असतो. ‘निळे काहीच नाही, म्हणजे दरी नाही’ हा निष्कर्ष त्यामुळे सह्याद्रीत बहुतेक वेळा चुकतो. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या छायाचित्रात समोच्च रेषांचा तपकिरी आणि ओढ्याचा काळा रंग एकमेकांत मिसळतात. तेव्हा रंगावर न जाता असे पाहावे की कोणती रेषा बाकीच्या रेषांना छेदून जाते. समोच्च रेषा दुसऱ्या समोच्च रेषेला छेदत नाही (लटकत्या कड्याचा अपवाद दुर्मीळ आहे), ओढा मात्र त्यांना छेदतो. आकड्यांच्या मांडणीवरून दिशा ठरवण्याची रीतही सांगितली जाते. ब्रिटिश पत्रकांवर आकड्याचा माथा चढाकडे ठेवण्याचा संकेत आहे, पण तो सरसकट सर्व पत्रकांना लावू नये.

आकडे ओळीने वाचताना आणखी एक ठेच लागते. ९००, ९२०, ९२०, ९०० अशा रेषा एकापाठोपाठ ओलांडल्या तर दोन ९२० च्या मध्ये धार आहे. ९००, ८८०, ८८०, ९०० असा क्रम असेल तर मध्ये दरी. तोच आकडा लागोपाठ दोनदा येणे ही छपाईची चूक नव्हे, तो उताराची दिशा बदलल्याचा पुरावा आहे. त्या धारेवरील एखाद्या बिंदूची उंची विचारली असता ‘९२० पेक्षा जास्त, ९४० पेक्षा कमी’ एवढेच म्हणता येते. नेमका आकडा द्यायचा तर तेथे बिंदू-उंची किंवा त्रिकोणमितीय खूण छापलेली असायला हवी.

समोच्चांतर काढताना दर पाचवी रेषा ठळक असते हे लक्षात ठेवावे. ८०० आणि ९०० या दोन ठळक रेषांमध्ये चार बारीक रेषा दिसतात. शंभरला चाराने भागून २५ मी. लिहिणारे बरेच असतात. परंतु चार रेषांमुळे पाच अंतरे तयार होतात, म्हणून समोच्चांतर २० मी.

प्रमाणाबाबत छायाचित्र सर्वांत जास्त फसवते. ‘१:५०,०००’ हे अंकप्रमाण छापील कागदासाठीच खरे असते. पडद्यावर चित्र मोठे-लहान केले की ते निरर्थक होते. रेषाप्रमाणाची पट्टी किंवा एक किमी. बाजूचे चौकोन मात्र चित्राबरोबरच मोठे-लहान होतात. समजा, चौकोन-जाळी असलेल्या पत्रकाचे छायाचित्र पडद्यावर उघडले आहे आणि त्यातील एका चौकोनाची बाजू ३६ मिमी. भरते. त्याच चौकोनात क हा बिंदू ७०० मी. च्या रेषेवर, ख हा ९०० मी. च्या रेषेवर आहे, आणि दोहोंतील अंतर १८ मिमी. म्हणजे जमिनीवरील आडवे अंतर ५०० मी., उंचीतला फरक २०० मी. उतार २०० भागिले ५०० म्हणजे १:२.५, कोनात सुमारे २२ अंश. हेच १८ मिमी. छापील प्रमाणाने मोजले तर अंतर ९०० मी. येते आणि उतार १:४.५, सुमारे १२.५ अंश. पहिला उतार दम काढणारा, दुसरा त्यामानाने सहज चालत जाण्याचा. उत्तराचा फरक असा पायाला कळणारा आहे.

छायाचित्र तिरके काढले असेल तर एकच चौकोनही पुरत नाही. तळाचा चौकोन ३६ मिमी. आणि वरच्या कडेचा ३० मिमी. असेल, तर वरील उदाहरणात चुकून वरच्या चौकोनाचे माप घेतल्यास अंतर ६०० मी. आणि उतार १:३ येतो. मोजायची रेषा ज्या चौकोनात आहे त्याच चौकोनाची, शक्यतो त्याच दिशेची बाजू मापाला घ्यावी. जाळी नसेल आणि पट्टीही कापली गेली असेल, तर उताराची तुलना करता येते, त्याचे प्रमाण काढता येत नाही.

रेषांच्या दाटीबद्दलही सावध राहावे लागते. १:५०,००० च्या पत्रकावर ४५ अंशांच्या उतारात दोन रेषांतील अंतर अवघे ०.४ मिमी. असते. अक्षांश-रेखांशाच्या पंधरा मिनिटांच्या पत्रकाची उत्तर-दक्षिण बाजू सुमारे ५५ सेंमी. भरते. संपूर्ण पत्रकाची ही बाजू ३,००० चित्रबिंदूंत बसवली तर एका मिलीमीटरला साधारण साडेपाच बिंदू येतात, म्हणजे त्या दोन रेषांमध्ये जेमतेम दोन बिंदू. संदेशातून पाठवताना चित्र आणखी आकसले की रेषा एकमेकींत विरघळून तपकिरी पट्टा उरतो, आणि वाचणारा त्याला कडा म्हणतो. खऱ्या कड्यासाठी पत्रकावर वेगळी खूण असते, शेजारी अनेकदा ‘15r’ अशी सापेक्ष उंचीही. ती दिसत नसेल तर त्या भागाचे जवळून काढलेले छायाचित्र मागवणे हाच उपाय.

याच्या उलट चूकही होते. सह्याद्रीचा काळा पाषाण थरांवर थर साचून बनला आहे, त्यामुळे उतार पायऱ्यांचा असतो: कडा, मग पदर, पुन्हा कडा. नकाशावर ते रेषांची झुंबड, मोकळी जागा, पुन्हा झुंबड असे दिसते. पण १५ मीटरचा सरळ कातळ ८४० आणि ८६० या रेषांच्या मधोमध पूर्ण लपू शकतो. रेषा मोकळ्या दिसल्या म्हणून वाट आहेच असे नकाशा सांगत नाही.

बंद वर्तुळाकार रेषा म्हणजे टेकडी, हा समज बहुधा बरोबर ठरतो. लोणार येथे तो उलटतो. तेथील विवराचा व्यास सुमारे १.८ किमी., खोली सुमारे १५० मी.; बंद रेषांचे आकडे आत जाताना घटतात. विवराची कड सभोवतालच्या जमिनीपेक्षा साधारण २० मीटरच उंच असल्याने बाहेरून चढ दाखवायला एखादीच रेषा मिळते, ती सुटली तर सपाटीत एकदम खड्डा असल्यासारखे वाटते. अशा खोलगट भागाच्या रेषांना आतल्या बाजूने आखूड रेघा जोडण्याची पद्धत आहे. लहान छायाचित्रात त्या रेघाच आधी नाहीशा होतात, त्यामुळे आकड्यांवाचून टेकडी आणि खळगा यांत भेद करता येत नाही.

छायांकित नकाशांत हा भेद डोळ्यालाही चकवतो. त्यांत उजेड वायव्येकडून येतो असे मानून सावल्या भरलेल्या असतात. चित्र उलटे धरले की उजेड खालून आल्यासारखा होतो आणि दऱ्या डोंगरधारा वाटू लागतात. अक्षरे सरळ वाचता येतील असे चित्र फिरवले की हा भास जातो.