बॅकलॉग आणि स्प्रिंट बॅकलॉग: एकाच बोर्डावरच्या दोन याद्या

तीन-चार जणांच्या ॲप टीमच्या बोर्डावर बहुतेक वेळा तीनच रकाने असतात: 'करायचं', 'चालू', 'झालं'. घोळ त्या पहिल्या रकान्यात असतो. कधीतरी करू म्हणून लिहून ठेवलेलं काम आणि या दोन आठवड्यांत करायचं ठरवलेलं काम तिथे एकत्र पडलेलं असतं. स्क्रम या काम आखण्याच्या पद्धतीत अशा ठरावीक मुदतीला स्प्रिंट म्हणतात, आणि तिथे या दोन वेगळ्या याद्या आहेत: प्रॉडक्ट बॅकलॉग आणि स्प्रिंट बॅकलॉग. कार्डं दोन्हीकडे सारखीच दिसतात, म्हणून फरक लक्षात येत नाही.

प्रॉडक्ट बॅकलॉग कधीच संपत नाही. त्यात कोणीही, केव्हाही कार्ड टाकावं. त्याचा क्रम मात्र एकाच माणसाने ठरवायचा. छोट्या टीममध्ये तो माणूस डिझाइन किंवा टेस्टिंगही करत असला तरी चालेल. वरची दहाएक कार्डं नीट लिहिलेली असली की पुरे. खालची एका ओळीची असली तरी बिघडत नाही. उलट, तळाची कार्डंही बारकाईने लिहिणं म्हणजे श्रम वाया घालवणं, कारण त्यांतली बरीचशी कधी हाती घेतलीच जाणार नाहीत.

स्प्रिंट बॅकलॉगला सुरुवात आणि शेवट असतो. त्यात तीन गोष्टी येतात: या स्प्रिंटचं उद्दिष्ट, त्यासाठी निवडलेली कार्डं आणि ती कशी करायची याचा आराखडा. ही यादी काम करणाऱ्यांची. किती कार्डं घ्यायची हेही तेच ठरवतात. निवडलेली सगळी कार्डं पूर्ण होतीलच असं वचन त्यात नसतं. 2011 साली स्क्रमचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडमध्येच 'कमिटमेंट'च्या जागी 'फोरकास्ट', म्हणजे अंदाज, हा शब्द आला. 2020 च्या आवृत्तीत बांधिलकी आहे ती उद्दिष्टाशी. माझ्या मते छोट्या टीमने नेमकं हेच आधी समजून घ्यावं.

औषधांची आठवण करून देणारं एक ॲप घेऊ. दोन डेव्हलपर, आणि डिझाइन, टेस्टिंग व क्रम सांभाळणारी एक व्यक्ती. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये सात, पाच आणि सहा कार्डं पूर्ण झाली, म्हणून या वेळी सहाच घेतली. उद्दिष्ट असं: एकाच औषधाला दिवसातून अनेक वेळा लावता याव्यात आणि प्रत्येक वेळी आठवण वाजावी. कार्डं होती वेळा निवडण्याची स्क्रीन, नोटिफिकेशन लावणं, जुना डेटा नव्या रचनेत आणणं, वेळ बदलणं-काढणं, नोटिफिकेशनवरच 'घेतलं' हे बटण, आणि घेतलेल्या औषधांचा इतिहास.

चौथ्या दिवशी दोन गोष्टी आल्या. ॲप वापरणाऱ्या एकीने डार्क थीम मागितली. दुसरीकडे तक्रार आली की फोन बंद करून सुरू केला की आठवणी वाजतच नाहीत. दोन्ही तातडीच्या म्हणूनच सांगितल्या गेल्या, पण प्रश्न एकच विचारायचा: हे न केल्यास या स्प्रिंटचं उद्दिष्ट मोडतं का? डार्क थीमने मोडत नाही, म्हणून ती बॅकलॉगमध्ये गेली. तिथे ती किती वर ठेवायची ते क्रम ठरवणारी व्यक्ती बघेल. दुसरी अडचण खरी होती. अँड्रॉइडवर फोन रीस्टार्ट झाला की AlarmManager ने लावलेले अलार्म पुसले जातात. `BOOT_COMPLETED` हा संदेश पकडून ते पुन्हा लावावे लागतात. आठवण वाजलीच नाही तर उद्दिष्टाला अर्थ उरत नाही, म्हणून हे कार्ड स्प्रिंटमध्ये आलं आणि तेवढ्याच आकाराचं इतिहासाचं कार्ड बाहेर गेलं. बाहेर काढायला कार्ड सापडत नसेल, तर नवं कार्ड आत घेऊ नका.

दोन याद्या वेगळ्या करायला बोर्डावर फार काही करावं लागत नाही. 'करायचं' मोडून 'बॅकलॉग' आणि 'या स्प्रिंटमध्ये' असे दोन रकाने करा, आणि उद्दिष्टाची ओळ दुसऱ्या रकान्याच्या माथ्यावर लिहा. याद्या पुन्हा मिसळू लागल्याचं लवकर कळतं: 'या स्प्रिंटमध्ये' रकाना दहाव्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा लांब असतो, किंवा एखादं कार्ड सलग तीन स्प्रिंट तिथेच बसून असतं.

ते बसून राहतं कारण उरलेली कार्डं आपोआप पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलली जातात. या ॲपमध्ये 'घेतलं' बटण दहाव्या दिवशी जवळजवळ तयार होतं, टेस्टिंग बाकी होतं. ते पूर्ण झालेल्यांत मोजायचं नाही, अर्धंही नाही. नाहीतर पुढच्या वेळचा अंदाज फुगतो. कार्ड बॅकलॉगमध्ये परत जातं, काय उरलंय ते त्यावर लिहिलं जातं, कोड वेगळ्या ब्रँचवर राहतो. पुढच्या नियोजनात ते बहुधा सगळ्यात वर असेल. पण तोवर वापरणाऱ्यांच्या तक्रारींवरून इतिहासाची यादी जास्त गरजेची ठरली, तर बटण थांबेल आणि इतिहास आत येईल.