एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या मोबाइलवर कसा पोहोचतो?

नागपुरातल्या धंतोलीत एक पॅथॉलॉजी लॅब आहे असं समजा. सकाळी 10 वाजता एक बाई लॉगिन करून लॅबच्या साइटवर `/my-report` हे पान उघडतात. 4 मिनिटांनी महाल भागातले एक गृहस्थ स्वतःच्या खात्यातून तेच पान उघडतात आणि त्यांना त्या बाईंचं नाव, वय आणि साखरेचा आकडा दिसतो. पासवर्ड कुणीच चोरलेला नाही. गृहस्थांची मागणी लॅबच्या सर्व्हरपर्यंत पोहोचलीच नव्हती.

साइट वेगाने उघडावी म्हणून सर्व्हरच्या पुढे सीडीएन, म्हणजे मधल्या सर्व्हरांचं जाळं, बसवलेलं असतं. एकदा दिलेलं उत्तर ते साठवून ठेवतं आणि पुढच्या माणसाला तिथूनच देतं. हीच सामायिक कॅश. ती साठवलेलं उत्तर शोधते ते मुख्यतः पत्त्यावरून. लॉगिनची ओळख असते कुकीत, म्हणजे ब्राउझर मागणीसोबत पाठवतो त्या छोट्या नोंदीत, आणि कुकी सहसा या शोधात धरलीच जात नाही. पत्ता दोघांचा एकच, म्हणून उत्तरही एकच. एचटीटीपीएसचं कुलूप इथे कामी येत नाही, कारण सीडीएन ते स्वतःच उघडतं.

बाईंना गेलेल्या उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे पानाआधी जाणाऱ्या ओळींमध्ये, ही सूचना होती:

```
Cache-Control: public, max-age=600
```

म्हणजे कुणीही साठवा, 600 सेकंद वापरा. चित्रांसाठी लिहिलेला नियम सगळ्या साइटला लावला की असं होतं. सूचना अजिबात नसली तरी धोका टळत नाही, कारण तेव्हा किती वेळ साठवायचं ते कॅश स्वतः ठरवू शकते.

25 डिसेंबर 2015 रोजी स्टीम या गेमच्या दुकानात कॅशच्या चुकीच्या मांडणीमुळे एकाची पानं दुसऱ्याला गेली. सुमारे 34,000 ग्राहकांची माहिती इतरांना दिसली असावी, असं कंपनीनेच सांगितलं.

त्या सूचनेत `public` ऐवजी `private` लिहिलं की सामायिक कॅशने साठवायचं नाही, त्या माणसाच्या ब्राउझरने साठवलं तर चालेल. `no-store` मध्ये ब्राउझरलाही मनाई. रिपोर्टसाठी मी `no-store` चाच आग्रह धरीन, कारण तो घरच्या सामायिक कॉम्प्युटरवर किंवा नेट कॅफेतही उघडला जातो. `no-cache` हे नाव मात्र फसवं आहे: त्यात साठवायला परवानगी असते, फक्त वापरण्यापूर्वी सर्व्हरला विचारावं लागतं.

तपासायचं असेल तर दोन चाचणी खाती घ्या. पहिल्या खात्यातून पान उघडा, मग दुसऱ्यातून, आणि दुसऱ्या उत्तराचे हेडर पाहा. तिथे `Age: 240` दिसलं तर ते उत्तर 4 मिनिटांपूर्वीचं आहे, साठ्यातून आलेलं आहे.

सीडीएनमध्ये ‘सगळं साठवा’ असा नियम लावलेला असेल, तर तो सर्व्हरची सूचना डावलू शकतो. म्हणून तोही पाहावा लागतो. आणि `no-store` आधी साठलेलं पुसत नाही. दुरुस्तीनंतर सीडीएनमधली जुनी पानं वेगळी काढून टाकावीच लागतात, नाहीतर मुदत संपेपर्यंत बाईंचा रिपोर्ट तिथून जातच राहील.