सिंक बंद असताना कोणते आकडे शिळे राहतात : एका सूचनेची पार्श्वभूमी

खते व औषधांचे घाऊक वितरण करणाऱ्या आमच्या नाशिकच्या संस्थेत येत्या शनिवारी रात्री ९ ते रविवारी दुपारी १ या वेळेत सिंक, म्हणजे गोदामे आणि मुख्यालय यांच्यातील आकड्यांची आपोआप होणारी देवाणघेवाण, बंद राहील. त्याच्या सूचनेत वेळेपेक्षा शिळ्या आकड्यांनाच अधिक जागा दिली आहे, आणि त्याला कारण आहे.

पूर्वी पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरीच्या गोदामांचा हिशेब रोज संध्याकाळी बंद होई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंबडच्या मुख्यालयात दिसे. आकडा कालचा आहे हे सर्वांना ठाऊक असल्याने माल कबूल करण्यापूर्वी गोदामाला फोन करण्याची रीत होती. पुढे सिंक दर काही मिनिटांनी होऊ लागले, पडद्यावरचा आकडा आत्ताचाच मानला जाऊ लागला आणि फोनची रीत मोडली. त्या काळातील सूचना मात्र ‘सिस्टिम बंद राहील’ एवढेच सांगत. प्रत्यक्षात गोदामातील बिलिंग स्थानिक सर्व्हरवर चालूच राहते, थांबते ती फक्त देवाणघेवाण. त्यामुळे मुख्यालयातील पडदा नेहमीसारखाच उघडतो आणि जुना आकडा निःशंकपणे दाखवतो.

यातून काय घडते ते पाहा. सिंक थांबताना पिंपळगावला विद्राव्य खताच्या २४० गोण्या आहेत. द्राक्षांच्या फळछाटणीचे दिवस असल्याने रविवारी सकाळी काउंटरवर १८० गोण्या विकल्या जातात. मुख्यालयात २४० च दिसत असल्याने तेथून दुसऱ्या विक्रेत्याला १०० गोण्या कबूल होतात, पण गोदामात उरलेल्या असतात ६०. म्हणून सूचनेत ‘शिल्लक साठा’ पहिला आहे, आणि त्या वेळेत फोनशिवाय माल कबूल करू नये असे स्पष्ट लिहिले आहे.

‘येणे बाकी’चा आकडा अधिक फसवा आहे, कारण सिंक सुरू झाल्यावरही तो काही काळ चुकीचा असतो. आमच्याकडे बिले आणि जमा पावत्या वेगवेगळ्या रांगांतून येतात. पावत्या आधी पोहोचल्या, तर ग्राहकाची बाकी खरी आहे त्याहून कमी दिसते आणि उधारीची मर्यादा ओलांडलेल्या विक्रेत्यालाही माल सुटू शकतो. ई-वे बिलाचा मात्र या सिंकशी संबंध नाही. ते गोदामातून थेट सरकारी पोर्टलवर तयार होते, त्यामुळे गाडी अडवून ठेवण्याचे कारण नाही.

आकडा ताजा झाला हे ओळखण्याची खूण अहवालातच असते : प्रत्येक गोदामासमोर बिलांची आणि पावत्यांची शेवटची नोंद कोणत्या वेळेपर्यंतची आली आहे ते दिसते. एकूण साठ्याची बेरीज त्यांपैकी सर्वांत मागे राहिलेल्या गोदामाइतकीच ताजी असते. म्हणूनच सूचनेत ‘दुपारी १ नंतर आकडे वापरावेत’ असे लिहिलेले नाही. दोन्ही गोदामांच्या दोन्ही वेळा १ च्या पुढे गेल्यावरच ते वापरावेत, असे लिहिले आहे.