आखूड बीम किती वाकतो? अर्धा हिशेब वेबमध्ये असतो

ISMB 300 हा आपल्याकडच्या कोणत्याही फॅब्रिकेशन यार्डात दिसणारा आय-सेक्शन. उंची 300 मिमी, वेबची जाडी साधारण 7.5 मिमी, I सुमारे 8,600 सेमी⁴. तो 1.5 मीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवला आणि बरोबर मध्यावर जॅकने 200 किलोन्यूटन भार दिला, तर तो किती खाली जाईल? बहुतेक जण PL³/48EI मांडतात. E साठी 2,00,000 N/mm² घेतले की उत्तर येते 0.82 मिमी. डायल गेज मात्र 1.25 मिमीच्या आसपास दाखवेल. स्टील खराब नाही, गेजही बिघडलेला नाही. राहिलेले 0.43 मिमी त्या सूत्रात मुळात धरलेलेच नाहीत.

PL³/48EI हे सूत्र फक्त बेंडिंगचे आहे. वरचे तंतू आखडतात, खालचे ताणले जातात आणि बीमला बाक येतो, एवढेच त्यात गृहीत धरलेले असते. पण आधारापासून भारापर्यंत बीमच्या प्रत्येक छेदावर शिअर फोर्सही काम करत असतो. वेबवर एक चौकोन आखला तर तो या बलाखाली किंचित कलतो. खिळखिळ्या झालेल्या खिडकीची चौकट तिरकी होते ना, तसाच. आपल्या बीममध्ये प्रत्येक अर्ध्या भागात शिअर 100 किलोन्यूटन आहे. वेबचे क्षेत्रफळ 300 × 7.5 म्हणजे 2,250 मिमी². भागाकार केला की सरासरी शिअर स्ट्रेस 44 N/mm² येतो. स्टीलचा G सुमारे 77,000 N/mm² आहे, म्हणून चौकोन कलण्याचा कोन 0.00058 रेडियन. अगदी क्षुल्लक वाटतो. पण आधारापासून मध्यापर्यंतच्या 750 मिमीमध्ये हाच कोन कायम राहतो, आणि 750 ने गुणल्यावर 0.43 मिमी होतात. बेंडिंगचा आकार गुळगुळीत बाक असतो. शिअरचा आकार मात्र दोन सरळ उतारांचा, मध्यावर टोक असलेला व्ही असतो. प्रत्यक्षात दिसते ती या दोघांची बेरीज.

मोठ्या स्पॅनला हे कुणाला खटकत नाही, कारण दोन्ही भाग वेगवेगळ्या वेगाने वाढतात. मध्यावर एकच भार असेल तर बेंडिंगचे डिफ्लेक्शन स्पॅनच्या घनाने वाढते, शिअरचे मात्र थेट स्पॅनच्या प्रमाणात. म्हणजे दोघांचे गुणोत्तर स्पॅनच्या वर्गाने घटते. हाच ISMB 300 सहा मीटरवर टाकला तर शिअरचा वाटा बेंडिंगच्या जेमतेम 3 टक्के उरतो, तीन मीटरवर 13 टक्के आणि दीड मीटरवर 53 टक्के.

आयताकृती छेदासाठी हे गुणोत्तर एका ओळीत बसते: मध्यावरील भारासाठी 1.2 × (E/G) × (h/L)². स्टीलसाठी E/G साधारण 2.6 असतो. स्पॅन उंचीच्या पाचपट धरला तर उत्तर फक्त 12 टक्के येते. त्याच L/h ला आय-सेक्शनमध्ये 53 टक्के का? कारण आय-सेक्शनचा I मुख्यतः फ्लँजमुळे मिळतो, पण शिअर जवळजवळ सगळा वेब उचलते. फ्लँज बेंडिंग कमी करतात, शिअरला मात्र फारशी मदत करत नाहीत. इथेच हिशेबात एक नेहमीची चूक होते. सूत्रातला 1.2 हा 5/6 चा व्यस्त आहे; हा 5/6 गुणक आयताचा आहे, पण तो आय-सेक्शनच्या पूर्ण क्षेत्रफळाला लावला जातो. आपल्या बीमचे पूर्ण क्षेत्रफळ सुमारे 5,630 मिमी², त्याचे 5/6 म्हणजे 4,690. शिअर डिफ्लेक्शन 0.21 मिमी येते, खऱ्याच्या निम्मे. हाताने करताना आय-सेक्शनसाठी उंची × वेबची जाडी घ्यावी, ते पुरेसे बरोबर असते. सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक धोका असतो. SAP2000 मध्ये शिअर एरिया शून्य दिला तर प्रोग्रॅम तो अनंत समजतो आणि शिअर डिफ्लेक्शन गुपचूप गायब होते. स्वतः सेक्शन तयार करताना तो रकाना रिकामा राहिला आहे का, हे एकदा बघावेच.

बीम जास्त वाकतोय म्हणून त्याला मजबुती द्यायची असेल, तर हा फरक पैशांत मोजता येतो. समजा 2,880 मिमी² छेदाची जादा प्लेट लावायची आहे. एक मार्ग म्हणजे वर-खाली फ्लँजवर 120 × 12 च्या दोन प्लेटा. दुसरा मार्ग म्हणजे वेबच्या दोन्ही बाजूंना 240 × 6 च्या दोन प्लेटा. दीड मीटर स्पॅनवर दोन्ही मार्गांनी 1.25 मिमीचे साधारण 0.88 ते 0.89 होतात, म्हणजे बरोबरी. स्पॅन एक मीटरवर आणला तर मूळ डिफ्लेक्शन 0.53 मिमी असते. फ्लँज प्लेटांनी ते 0.42 होते, वेब प्लेटांनी 0.34. तीन मीटरवर याच्या नेमके उलटे, तिथे फ्लँजच जिंकतात. आखूड बीमला सवयीने फ्लँज प्लेट वेल्ड करणारा माणूस शिअरच्या वाट्याला हातच लावत नाही.

दोन्ही वाटे प्रत्यक्ष मोजून वेगळे करता येतात, आणि त्यासाठी फार साहित्य लागत नाही. तोच बीम आधी 1 मीटर आणि मग 2 मीटर स्पॅनवर ठेवून दोन्ही वेळा मध्यावर 100 किलोन्यूटन द्या. नुसते बेंडिंग असते तर दुसरे वाचन पहिल्याच्या आठपट आले असते. इथे अपेक्षित वाचने 0.266 आणि 1.258 मिमी आहेत, म्हणजे पावणेपाचपटीच्या आत. पहिले वाचन 8 ने गुणा, त्यातून दुसरे वजा करा आणि 6 ने भागा. 1 मीटर स्पॅनचे शिअर डिफ्लेक्शन मिळते, 0.145 मिमी. पण पहिल्या वाचनातली चूक इथे वाढून येते. त्यात 0.02 मिमीचा घोळ झाला तर शिअरचे उत्तर 18 टक्क्यांनी चुकते. म्हणून फक्त मध्याखाली एक गेज लावून भागत नाही. आधाराखालची पॅकिंग दबते, रोलर बसतात, आणि ते सगळे बीमच्या नावावर जमा होते. दोन्ही आधारांवरही गेज लावून त्यांची सरासरी मध्याच्या वाचनातून वजा करावी लागते.

लाकडात हा प्रश्न अधिक टोकदार आहे, कारण तिथे E/G स्टीलसारखा 2.6 नसून साधारण 16 असतो. 50 × 50 मिमीचा नमुना 700 मिमी स्पॅनवर मध्यभारी चाचणीला घेतला, म्हणजे L/h 14 आहे, तरी शिअरचा वाटा बेंडिंगच्या सुमारे 10 टक्के निघतो. तो न काढता E मोजला की उत्तर 9 टक्क्यांनी कमी येते. दोन भार देऊन त्यांच्यामधल्या भागाचेच डिफ्लेक्शन मोजले तर ही अडचण टळते, कारण त्या भागात शिअर शून्य असतो.

बेंडिंगमध्ये शिअर मिळवायची ही पद्धत स्टीफन टिमोशेंको यांनी 1921 मध्ये मांडली, पण तिलाही मर्यादा आहे. काँक्रीटचा आयताकृती बीम L/h 3 असताना शिअरचा वाटा 32 टक्के निघतो, L/h 2 ला 72 टक्के. हा दुसरा आकडा मात्र नुसता अंदाज समजावा. IS 456 साध्या आधारावरच्या बीमला L/h 2 पेक्षा कमी असेल तेव्हा डीप बीम म्हणते, आणि त्या टप्प्यात भार तिरक्या दाबपट्ट्यांतून थेट आधारांकडे उतरू लागतो. छेद सपाट राहतो हे गृहीतकच तिथे कोसळते. शिवाय काँक्रीटला तिरक्या भेगा गेल्या की शिअरची ताठरता न भेगाळलेल्या छेदाच्या आकड्यापेक्षा खूपच खाली येते. तिथे दोन सूत्रांची बेरीज सोडून द्यावी आणि फायनाइट एलिमेंटकडे वळावे.