‘एमएमएसई वापरली (फोल्स्टीन, 1975)’ एवढं लिहून का भागत नाही

थीसिसच्या मेथड्समध्ये हे वाक्य आपण सगळ्यांनीच वाचलंय, पण एवढ्याशा ओळीत काय काय राहून जातं ते कळायला या टेस्टचा इतिहास बघायला हवा.

1975 मध्ये मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशनचा, म्हणजेच एमएमएसईचा, पेपर छापला. स्मृती, लक्ष वगैरे कसं आहे ते तपासणारी 30 मार्कांची टेस्ट, पेशंटच्या शेजारी बसून पाच-दहा मिनिटांत होणारी, तारीख विचारायची, तीन वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगायची, 100 मधून सात-सात वजा करायला लावायचे वगैरे. पेपर सगळ्यांना मिळत होता, त्यामुळे डॉक्टरांनी झेरॉक्स काढून ती जगभर वापरली आणि जवळजवळ 25 वर्षं कुणी कुणाची परवानगी घेतली नाही. मेथड्समध्ये फक्त रेफरन्स द्यायची सवय त्याच काळातली.

पण मूळ टेस्टमध्येच एक फाटा होता. वजाबाकीच्या ऐवजी WORLD हा शब्द उलटा स्पेल करायला लावायची सोय होती, आणि या दोन्हींना सारखेच पाच मार्क असले तरी दोन्ही सारख्या अवघड नाहीत, बऱ्याच लोकांना शब्द उलटा सांगणं वजाबाकीपेक्षा सोपं जातं. म्हणजे एका अभ्यासात वजाबाकी घेतली आणि दुसऱ्यात स्पेलिंग, तर दोन्हींचे स्कोअर शेजारी ठेवून तुलना करणं चूकच, आणि नुसत्या ‘फोल्स्टीन, 1975’ वरून वाचणाऱ्याला कळायचं कसं कोणतं घेतलं होतं ते?

भारतात प्रश्न याहून मोठा होता. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये भारत-अमेरिका मिळून डिमेन्शियाचा अभ्यास चालू होता, तिथल्या खूप म्हाताऱ्या माणसांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांना ‘हे वाचा आणि तसं करा’ म्हणून कागद दिला तर मार्क जाणार ते शाळेत न गेल्यामुळे, स्मृती गेल्यामुळे नाही. म्हणून मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन छापली. त्यात वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलटे सांगायचे, आणि डोळे मिटायची सूचना वाचण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटून दाखवतो आणि समोरच्याने तसंच करायचं. हे नुसतं भाषांतर नाहीये, प्रश्नच बदललाय. त्यामुळे ही टेस्ट वापरून मूळ एमएमएसईचा कटऑफ लावला तर निकालावर विश्वास कसा ठेवायचा?

मग परवानगीचा भाग आला. 2001 मध्ये पीएआर नावाच्या अमेरिकन प्रकाशकाकडे एमएमएसईचे हक्क गेले आणि फॉर्मसाठी पैसे लागायला लागले. स्वीट 16 नावाची एक छोटी, फुकट टेस्ट आली होती, तीसुद्धा कॉपीराइटच्या वादामुळे नेटवरून काढून घ्यावी लागली. याउलट पीएचक्यू-9 ही डिप्रेशनची प्रश्नावली, तिच्यावर छापायला किंवा भाषांतर करायला परवानगी लागत नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून ‘सगळ्या स्केल फुकट’ आणि ‘सगळ्या विकत’, दोन्ही चूक, प्रत्येकीचं वेगळं बघावं लागतं.

आता समजा कुणी ग्रामीण महाराष्ट्रात 60 वर्षांवरच्या लोकांवर काम करतंय, तर माझ्या मते मेथड्समध्ये साधारण असं यायला हवं: ‘हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन (गांगुली व सहकारी, 1995) मराठीत भाषांतरित करून वापरली, ती एमएमएसईवर (फोल्स्टीन व सहकारी, 1975) आधारित आहे. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी भाषांतर केलं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत हिंदीत नेलं, फरक चर्चेने मिटवले. पत्त्याच्या प्रश्नांमध्ये गाव, तालुका, जिल्हा असे शब्द घेतले, बाकी प्रश्न व मार्क बदलले नाहीत. आधी छोट्या गटावर चाचणी घेतली. हक्कधारकांची लेखी परवानगी घेतली.’ चार-पाच ओळी जास्त होतात, पण यातली एक जरी गाळली तरी दुसऱ्याला तेच काम परत करता येत नाही. आणि यातलं जे प्रत्यक्ष केलेलंच नाही ते लिहायचं नाही, बॅक ट्रान्सलेशन झालं नसेल तर ‘एकाच व्यक्तीने भाषांतर केलं’ हे सरळ लिहावं, व्हायवाला परीक्षक तेच विचारतात.

एक गोष्ट हमखास राहते. वापरायची परवानगी म्हणजे छापायची परवानगी नाही. थीसिस शोधगंगेवर, म्हणजे भारतीय थीसिसच्या ऑनलाइन संग्रहावर, चढला की मागे जोडलेली अख्खी प्रश्नावली जगभर वाचता येते, म्हणून परवानगीच्या ईमेलमध्येच ‘परिशिष्टात पूर्ण प्रश्न देऊ का’ हे विचारून घ्यायचं, आणि नाही म्हणाले तर एक-दोन नमुना प्रश्न चालतील का ते विचारायचं, तेही नको असेल तर फक्त रेफरन्स आणि टेस्ट कुठे मिळते ते द्यायचं.