मृगातल्या तेजोमेघाचं तापमान रेषेच्या रुंदीवरून

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात हायड्रोजनची ठळक तांबडी रेषा 656.3 नॅनोमीटरवर दिसते. तिला एच-अल्फा म्हणतात. कितीही चांगला वर्णपटमापक लावला तरी ती केसासारखी बारीक होत नाही, तिला रुंदी उरतेच.

या रुंदीचा थोडा भाग अणूच्या घडणीतच आहे. जी ऊर्जापातळी अल्पकाळ टिकते, तिची ऊर्जा नेमकी ठरलेली नसते. एच-अल्फात इलेक्ट्रॉन तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर येतो. इथे वरच्या पातळीपेक्षा खालचीच जास्त अस्थिर असते: दुसरी पी-पातळी जेमतेम 1.6 नॅनोसेकंद टिकते. त्यातून येणारी नैसर्गिक रुंदी साधारण 11 कोटी हर्ट्झ भरते. वेगाच्या भाषेत, म्हणजे प्रकाश तेवढा सरकायला अणू किती वेगानं हलायला हवा या मापात, ही रुंदी सेकंदाला सुमारे 70 मीटर झाली.

उष्णतेमुळे येणारी रुंदी याहून कितीतरी मोठी असते. वायूतले काही अणू आपल्याकडे येत असतात, काही दूर जात असतात. त्यांचा प्रकाश थोडा निळ्याकडे, थोडा तांबड्याकडे सरकतो आणि रेषा पसरते. अर्ध्या उंचीवर मोजलेली ही रुंदी काढायचं सूत्र सोपं आहे:

Δv = 0.214 × √(T/M) km/s

T म्हणजे केल्विनमधलं तापमान, M म्हणजे अणुभार. अशा तेजोमेघात तापमान 10,000 केल्विनच्या आसपास असतं. हायड्रोजनसाठी M जवळपास 1, म्हणून रुंदी सेकंदाला 21.4 किलोमीटर, नैसर्गिक रुंदीच्या सुमारे 300 पट.

म्हणजे रुंदी मोजली की तापमान मिळालं? इतक्या घाईनं नाही. मेघातला वायू घुसळतही असतो आणि ती घुसळण रेषा आणखी रुंद करते. समजा, उपकरणाची स्वतःची रुंदी आणि एच-अल्फा ज्या अगदी जवळजवळच्या बारीक रेषांची बनलेली असते त्यांचा परिणाम वजा करून 25 किलोमीटर मिळाले. सगळी रुंदी उष्णतेची धरली, तर तापमान 13,600 केल्विन निघेल, आणि ते फसवं असेल.

इथे शेजारची नायट्रोजनची 658.3 नॅनोमीटरची रेषा कामी येते. नायट्रोजनचा अणू हायड्रोजनच्या 14 पट जड, त्यामुळे त्याची उष्णतेची रुंदी √14 पटीनं कमी. घुसळण मात्र दोघांना सारखीच. समजा, ती रेषा 14 किलोमीटर रुंद निघाली. अशा रुंदींच्या वर्गांची बेरीज होते, म्हणून दोन वर्गांची वजाबाकी केली की घुसळण निघून जाते: 625 − 196 = 429. हा हायड्रोजनच्या उष्णतेच्या वर्गाचा 13/14 भाग. त्यावरून उष्णतेची रुंदी 21.5 किलोमीटर आणि तापमान सुमारे 10,100 केल्विन. उरलेले 13 किलोमीटर घुसळणीचे.

या हिशेबात दोन्ही रेषा एकाच वायूतून आल्या, असं धरलं आहे. प्रत्यक्षात एकदा आयनीभूत झालेला नायट्रोजन मुख्यतः मेघाच्या तापलेल्या भागाच्या कडेला असतो, तर एच-अल्फा सगळीकडून येते. दोन रेषांचे मध्य वेगवेगळ्या वेगांवर दिसले, तर ही वजाबाकी करू नये.